साठ डब्यांचा शिधा: सात किलो कोबी का पुरत नाही

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे दुपारचे जेवण जवळपासच्या एखाद्या घरातून डब्याने येते. येथे ज्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडला आहे, ते अशाच एका घरातले आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे डबेवाले ग्राहक काकू म्हणतात, म्हणून या लेखातही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. त्यांच्या हाताखाली दोन मावशी आहेत, एक पोळ्यांना आणि एक निवडण्या-चिरण्याला. डबे आधी विसाच्या आसपास होते, पुढे वाढत जाऊन साठांवर स्थिरावले.

अडचण साठांवर आल्यावर सुरू झाली. एकाच आठवड्यात एखाद्या दिवशी भाजी शेवटच्या डब्यांना पुरत नसे, तर दुसऱ्या दिवशी पातेलेभर भात उरे. महिन्याच्या अखेरीस किराण्याचा खर्च फुगलेला दिसे. काकूंचा समज असा होता की भाव वाढले म्हणून पैसे पुरत नाहीत आणि मुलांची भूक वाढली म्हणून भाजी पुरत नाही. प्रत्यक्षात तूट आणि उरवण या दोहोंचे मूळ एकच होते: सर्व भाज्यांना, सर्व तांदळांना आणि सर्व डब्यांना एकच अंदाज लावला जात होता. विसाच्या काळात त्या कोणतीही भाजी सव्वादोन-अडीच किलो आणत, साठ झाल्यावर त्याची तिप्पट म्हणून सात किलो आणू लागल्या. गुणाकार बरोबर होता, पण मुळातला आकडाच भाजीगणिक बदलायला हवा होता.

साठ डबे म्हणजे नेमके काय

शिध्याचा हिशेब बाजारातून सुरू करायचा नसतो, डब्यातून सुरू करायचा असतो. म्हणून पहिले काम केले ते डब्यांचे प्रकार वेगळे करण्याचे. साठांपैकी ४२ पूर्ण डबे होते, म्हणजे तीन पोळ्या, भाजी, आमटी आणि भात. उरलेले १८ कचेरीत जाणाऱ्यांचे पोळी-भाजीचे डबे होते. त्यांत भात आणि आमटी नसे, पण पोळ्या चार आणि भाजी दीडपट असे. ही वाटणी काकूंना तोंडपाठ होती, मात्र शिधा काढताना ती कधीच विचारात घेतली जात नव्हती. तांदूळ साठांच्या हिशेबाने भिजत पडत, आणि भात खाणारे मात्र ४२ असत. भात रोज उरण्याचे निम्मे कारण एवढ्यानेच उलगडले.

त्यानंतर प्रत्येक वाढणीचे शिजलेले वजन ठरवले. त्यासाठी परत आलेल्या डब्यांकडे आठवडाभर लक्ष दिले. धुवायला टाकण्यापूर्वी कोणत्या कप्प्यात काय उरले आहे ते पाहायचे, एवढेच त्यात काम होते. आमटी क्वचितच उरलेली दिसे, पोळीचा तुकडा कधीतरी, भात मात्र अनेक डब्यांत शेवटचे तीन-चार घास तसाच असे. तेव्हा काकू जी वाटी दाबून भरत होत्या, तीत वजनाने २०० ग्रॅमच्या जवळ भात बसत होता. तीच वाटी न दाबता भरली की १५० ग्रॅम भात बसतो आणि डबे रिकामे परत येतात, असे दिसले. यावरून पूर्ण डब्याला १५० ग्रॅम भात, १५० मिलिलिटर आमटी आणि १०० ग्रॅम भाजी, तर पोळी-भाजीच्या डब्याला १५० ग्रॅम भाजी असे प्रमाण कायम केले. परत आलेला डबा हा ग्राहकाने न बोलता दिलेला अभिप्राय असतो आणि तो वाचल्याशिवाय वाढणी ठरवू नये, असे माझे मत आहे.

आता एका दिवसाची गरज मांडता येते. पोळ्या १२६ आणि ७२ मिळून १९८. भाजी ४ किलो २०० ग्रॅम आणि २ किलो ७०० ग्रॅम मिळून ६ किलो ९०० ग्रॅम. भात ६ किलो ३०० ग्रॅम आणि आमटी ६.३ लिटर. पातेल्याला, डावाला आणि पळीला जे चिकटून राहते त्यासाठी साधारण तीन टक्के धरले, तर भाजी ७.१ किलो, भात ६.५ किलो आणि आमटी ६.५ लिटर तयार व्हायला हवी. फाटणाऱ्या, करपणाऱ्या पोळ्यांसाठी सहा जास्त धरून २०४ पोळ्या.

कोबीचा दिवस

भाजीपुरते दोन उतारे समजून घेतले की सगळा हिशेब उलगडतो. बाजारातून आणलेल्या भाजीतून देठ, साल, गाभा, बाहेरची पाने आणि किडके काढल्यावर जेवढी उरते तो निवडीचा उतारा. चिरलेली भाजी शिजल्यावर पाणी जाऊन जेवढी उरते तो शिजण्याचा उतारा. बटाट्याचे दोन्ही उतारे चांगले असतात, मेथीचे दोन्ही वाईट असतात, आणि बाकीच्या भाज्या या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसतात.

काकूंच्या सात किलोंची गोष्ट इथेच कळते. उकडलेल्या बटाट्याच्या भाजीच्या दिवशी सात किलो बटाटे उकडून सोलले की सव्वासहा किलोंच्या आसपास उरतात, परतताना थोडे कमी होतात, आणि त्यात एक किलो कांदा परतून उरलेला सुमारे ७०० ग्रॅम व पाव किलो तेल मिळाले की भाजी सात किलोंच्या जरा वर जाते. म्हणजे बटाट्याला सात किलोंचा अंदाज अगदी चपखल बसत होता. त्यामुळेच तो अंदाज सगळ्या भाज्यांना लागू आहे असा विश्वास बसला होता.

कोबीच्या दिवशी तोच अंदाज वापरल्यावर काय होते ते पाहू. सात किलो कोबीची बाहेरची पाने आणि मधला दांडा काढल्यावर ८६ टक्के, म्हणजे सहा किलो चिरलेला कोबी उरतो. झाकण ठेवून, फार कोरडा न करता शिजवला तर त्याचा ८० टक्के उतारा मिळतो, म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅम. भाजीत ३५० ग्रॅम हरभऱ्याची डाळ भिजवून घातली जाते, ती भिजल्यावर साधारण ६५० ग्रॅम होते, आणि तेल व ओला नारळ मिळून ३५० ग्रॅम. अशी एकूण भाजी ५ किलो ८०० ग्रॅम तयार होते, हवी असते ७ किलो १०० ग्रॅम. काकू आधी पूर्ण डबे भरत. ४२ डब्यांना शंभर-शंभर ग्रॅम भाजी गेली की उरलेल्या १८ डब्यांना १५० ऐवजी जेमतेम ८० ग्रॅम वाट्याला येई. ज्यांच्या डब्यात भात नाही, आमटी नाही, नुसती पोळी-भाजीच आहे, नेमक्या त्यांचीच भाजी निम्म्यावर येत होती, आणि तक्रारीही बहुतेक तिथूनच येत होत्या.

विसाच्या काळात ही तूट का जाणवली नाही, हेही यातून कळते. तेव्हा ती एक तृतीयांश, म्हणजे चारशे-सव्वाचारशे ग्रॅम असे आणि घरच्यांच्या ताटातली भाजी कमी करून, नाहीतर डब्यात लोणच्याची फोड घालून ती भरून निघे. १३०० ग्रॅमची तूट घरातल्या चार ताटांतून भरून निघत नाही.

उलट बाजूने जाऊन बरोबर आकडा असा काढला. हव्या असलेल्या ७.१ किलोंतून डाळ, तेल आणि नारळाचा एक किलो वजा केला, तर शिजलेला कोबी ६.१ किलो लागतो. त्याला ०.८० ने भागले की चिरलेला कोबी ७.६ किलो येतो, आणि त्याला ०.८६ ने भागले की बाजारातून आणायचा कोबी ८.८ किलो येतो. काकूंनी तो सरसकट नऊ किलो धरला.

येथे एक चूक फार जण करतात, तिच्यावर थोडे थांबायला हवे. शिजताना वीस टक्के घट होते, म्हणून वीस टक्के जास्त घ्यायचे, असा सरळ हिशेब डोक्यात येतो. पण ६.१ किलोंवर वीस टक्के चढवले तर ७.३ किलो येतात, आणि ७.३ किलो कोबी शिजवून वीस टक्के घटला की ५.८ किलोच उरतो. घट ही जास्तीच्या, म्हणजे कच्च्या वजनावर होत असते, म्हणून उताऱ्याने भागावेच लागते. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर दोनदा भागायला काही क्षण लागतात. कोबीला हा फरक तीनशे ग्रॅमचा आहे, पण उतारा जितका कमी तितका तो वाढत जातो आणि मेथीसारख्या भाजीला तर असला हिशेब पार फसतो.

उतारे कुठून आणायचे

वर वापरलेले ८६ आणि ८० हे आकडे त्या स्वयंपाकघरात मोजलेले आहेत. दुसऱ्या घरात ते थोडे वेगळे निघतील, कारण कोण किती जाड देठ टाकते, भाजी किती कोरडी करते आणि पातेले किती पसरट आहे, यांवर ते अवलंबून असतात. म्हणून कोणाचे तयार आकडे उचलण्यापेक्षा प्रत्येक भाजी दोन-तीनदा तोलून आपला उतारा काढावा आणि सरासरी धरावी.

तोलण्याची सोयही आधीच्या कामात बसेल अशी केली. दहा किलोंपर्यंत तोलणारा एक साधा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्याच्या कडेला कायमचा ठेवला. खरी अडचण होती ती गरम भाजी तोलण्याची, कारण पातेल्यातून काढून तोलायला कोणाला सवड नसते. त्यावर उपाय असा झाला की भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून प्रत्येक मोठ्या पातेल्याच्या काठाखाली, नावाशेजारी, त्या पातेल्याचे रिकामे वजन कोरून घेतले. आता भाजी झाली की पातेले उचलून काट्यावर ठेवायचे आणि काठावरचा आकडा वजा करायचा. पातेल्यासह वजन दहा किलोंच्या वर जाईल तेव्हा भाजी दोन पातेल्यांत विभागलेली असते, त्यामुळे हा काटा पुरतो.

वहीत एका ओळीत भाजीचे नाव, आणलेले वजन, निवडलेले वजन, शिजलेले वजन आणि डबे भरून झाल्यावर उरलेले वजन एवढेच लिहिले जाते. निवडणाऱ्या मावशींचा सुरुवातीला याला विरोध होता. “ताई, मी काय देठं घरी नेते होय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा काकूंनी त्यांना कोबीच्या दिवसाचा हिशेबच मांडून दाखवला. भाजी कमी पडली की सकाळी ऐन घाईत आणखी दोन किलो चिरायची वेळ त्यांच्यावरच येत होती, हे पटल्यावर वजने त्या स्वतःच सांगू लागल्या.

निवडीचा उतारा मोजताना एक पथ्य पाळावे लागते: वजन धुण्यापूर्वी घ्यायचे. पालेभाजी धुऊन निथळत ठेवली तरी पानांना पाणी धरलेले असते, आणि असे वजन लिहिले तर निवडीचा उतारा खोटा चांगला व शिजण्याचा उतारा खोटा वाईट दिसतो. गुणाकाराने दोन्ही चुका एकमेकींना खातात असे वाटेल, पण पाऊस नसलेल्या दिवशी कोरडी भाजी आली की जुळणी बिघडते. पावसाळ्यात तर बाजारातूनच भाजी भिजलेली येते, म्हणजे आणलेल्या वजनातच पाणी असते. भेंडी आणि फ्लॉवर या दिवसांत किडकेही जास्त निघतात. काकूंच्या वहीत म्हणून एकाच भाजीला दोन उतारे आहेत, एक उघडिपीचा आणि एक पावसाळी. फ्लॉवरच्या बाबतीत विक्रेता पाने तोडून देतो की पानांसकट तोलतो यानेच उतारा एवढा बदलतो की तिथे नुसती सरासरी कामाची नाही. गड्डे पाहूनच ठरवावे लागते.

मेथी

मेथीने मात्र या पद्धतीची खरी परीक्षा पाहिली. मेथी जुडीवर मिळते, आणि जुडी कधी पावशेराहून कमी तर कधी जवळजवळ दुप्पट भरते, म्हणून जुड्या मोजून शिधा काढताच येत नाही. निवडून कोवळे देठ व पाने एवढीच घेतली तर या घरात ४८ टक्के उतारा निघाला आणि परतल्यावर त्यातलेही ५५ टक्केच उरले. म्हणजे एक किलो मेथीतून जेमतेम २६० ग्रॅम शिजलेली भाजी मिळते. सात किलो मेथी आणली तर दोन किलोंहून कमी भाजी होईल, हे कागदावर दिसल्यावर काकूंना मेथीच्या दिवशी नेहमी धावपळ का होते याचे उत्तर मिळाले.

नुसत्या मेथीची भाजी साठांना घालणे पैशाने जितके जड आहे त्याहून निवडण्याच्या वेळाने जड आहे. मूगडाळ घालून केलेली भाजी हा पहिला पर्याय तपासला. त्यात १ किलो ३०० ग्रॅम डाळ शिजून सुमारे २.९ किलो होते, दीड किलो कांदा परतून एक किलो उरतो, तेल ३०० ग्रॅम, आणि तरीही २.९ किलो शिजलेली मेथी लागते. त्यासाठी ११ किलो मेथी आणावी लागते. एकट्या मावशींनी सकाळी एवढी मेथी निवडणे शक्य नव्हते, आणि आदल्या रात्री निवडून ठेवली तर उन्हाळ्यात ती पिवळी पडते.

म्हणून ठरली ती मेथी-बटाट्याची भाजी. साडेचार किलो बटाटे उकडून, सोलून, परतून चार किलोंच्या आसपास होतात, सव्वा किलो कांदा परतून साडेआठशे ग्रॅम उरतो, तेल ३०० ग्रॅम. उरलेल्या १.९ किलोंसाठी सव्वासात किलो मेथी आणावी लागते. वजन जुळते, निवडण्याचे काम एका माणसाच्या आवाक्यात येते आणि भाजीला मेथीचा कडूसरपणाही राहतो. सव्वासातांच्या जागी पाच किलो मेथी घालून बटाटा वाढवला असता तर काम आणखी हलके झाले असते, पण ती मेथीची भाजी राहिली नसती, आणि काकूंनी ते केले नाही. उताऱ्याचा हिशेब कुठे थांबवायचा हे अखेर चवीनेच ठरते.

उसळीचा दिवस भाजीपेक्षा सोपा असतो, कारण कडधान्यात निवडीची घट नगण्य असते आणि शिजताना वजन वाढते. दोन किलो मटकी भिजून, मोड येऊन सव्वाचार-साडेचार किलो होते, शिजून आणखी फुगते, आणि कांदा, टोमॅटो, खोबरे व अंगाबरोबर रस मिळून ७ किलो घट्टसर उसळ सहज होते. अडचण फक्त वेळेची आहे. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालून संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते, थंडीत त्याहूनही आधी, नाहीतर मोड तोकडे राहतात, उतारा घटतो आणि काही दाणे गणंग राहतात. म्हणजे उद्या किती डबे आहेत हे कळण्याआधीच मटकी भिजलेली असते.

पोळ्या

पोळीत उताऱ्याचे फारसे गूढ नाही, तिथे बिघाड हाताने होतो. एक किलो कणकेला साधारण ६२० मिलिलिटर पाणी आणि थोडे तेल-मीठ घालून १ किलो ६५० ग्रॅम गोळा होतो. मध्यम घडीच्या पोळीला ४६ ग्रॅमचा गोळा लागतो, म्हणजे किलोला ३५ पोळ्या. २०४ पोळ्यांना ५ किलो ८३० ग्रॅम कणीक, आणि लाटताना लावायची पिठी पाव किलोच्या थोडी वर, मिळून ६ किलो १०० ग्रॅम. गहू निवडणे, गिरणीतली घट आणि चाळणीतला कोंडा मिळून तीन टक्के धरले तर गहू ६ किलो ३०० ग्रॅम.

काकूंकडे मात्र रोज सात किलोंच्या आसपास कणीक लागत होती. सकाळच्या पहिल्या घाण्यातले गोळे काट्यावर ४५-४६ ग्रॅम भरत होते, आणि शेवटच्या घाण्यातले ५२ पर्यंत गेलेले होते. हात दमला की गोळा मोठा तोडला जातो, कारण जाड पोळी कमी लाटावी लागते. सगळे गोळे ५२ ग्रॅमचे झाले तर किलोला ३१ पोळ्या पडतात आणि रोज पाऊण किलो कणीक जास्त जाते, महिन्याला जवळजवळ वीस किलो. शिवाय शेवटी लाटलेल्या जाड पोळ्या डबा पोहोचेपर्यंत कडक होतात.

प्रत्येक गोळा तोलणे अर्थातच शक्य नाही. त्याऐवजी एका वेळी नेमकी एक किलो कणीक मळायची आणि लाटायला घेण्यापूर्वी तिचे ३५ गोळे मोडून परातीत मांडायचे, अशी रीत घातली. पाच-पाचांच्या सात ओळी भरल्या की गोळे बरोबर झाले. ओळ अपुरी राहिली तर गोळे मोठे झाले हे लगेच दिसते आणि तिथेच दुरुस्त करता येते. असे पाच वेळा, आणि शेवटी ८३० ग्रॅमचे २९. पोळ्यांच्या मावशींना काटा लागत नाही, मोजणी डोळ्यांपुढे असते.

भात आणि आमटी

भाताचा उतारा तांदळावर ठरतो, आणि तांदूळ एकाच नावाने आला तरी एकसारखा नसतो. जुना कोलम वजनाने दुप्पट पाणी घेऊन मोकळा होतो आणि वाफ जाऊन किलोचा २.७ किलो भात देतो. त्याच कोलमाचा नवा तांदूळ एवढ्या पाण्यात गिचका होतो. त्याला १.७ पट पाणी पुरते आणि भात किलोला २ किलो ४५० ग्रॅमच मिळतो. ६.५ किलो भाताला जुना तांदूळ २ किलो ४०० ग्रॅम लागतो, नवा २ किलो ६५० ग्रॅम. नवा तांदूळ आला आणि माप जुनेच ठेवले, तर चार डबे भाताविना राहतात. पूर्वी हे झाकले जात होते, कारण साठांच्या हिशेबाने टाकलेल्या तांदळात कितीतरी उरत असे. उरवण थांबवल्यावर ही चूक उघडी पडणार होती, म्हणून तिचा बंदोबस्त आधीच करावा लागला: नवा कट्टा घेण्यापूर्वी दुकानातून पाव किलो नमुना आणून तो शिजवून, तोलून पाहायचा.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घरच्या चौघांच्या भाताला सव्वादोन पट पाणी लागत होते म्हणून अडीच किलो तांदळाला तेवढेच प्रमाण लावले तर भात चिकट होतो. वाफेने उडणारे पाणी पातेल्याच्या तोंडावर आणि शिजण्याच्या वेळेवर अवलंबून असते, तांदळाच्या वजनावर नाही. तांदूळ बारापट झाला म्हणून उडणारे पाणी बारापट होत नाही.

आमटीचा शिधा सगळ्यांत छोटा, पण सगळ्यांत फसवा. भाजी कमी पडली की दिसते, आमटी कमी पडत असेल तर पाणी वाढते आणि कोणाला काही कळत नाही. तुरीच्या डाळीचे प्रमाण लिटरला १४० ग्रॅम ठेवले की आमटी भातावर नीट बसते, पातळ वाटत नाही. ६.५ लिटरला ९१० ग्रॅम डाळ, म्हणजे पूर्ण डब्यामागे जेमतेम २२ ग्रॅम. काकू डाळ भांड्याने घेत आणि पाणी नजरेने घालत, त्यामुळे आमटी एक दिवस दाट, एक दिवस पाणीदार होई. आता साडेसहा लिटर पाणी मोजून एकदा त्या पातेल्यात ओतले आणि ते जिथवर आले तिथे मोठ्या पळीच्या दांड्यावर खूण केली. फोडणी, चिंच-गूळ घालून शेवटची उकळी आली की पळी उभी धरायची, आमटी खुणेच्या खाली असेल तर कढत पाणी खुणेपर्यंत घालायचे, वर असेल तर आणखी उकळायची. जुनी डाळ किंवा जड पाणी असेल तर डाळ नीट मुरत नाही, पाणी आणि डाळ वेगवेगळी राहतात, आणि प्रमाण बरोबर असूनही आमटी पातळ भासते. तेव्हा उपाय डाळ वाढवण्याचा नाही, ती जास्त वेळ शिजवून घोटण्याचा आहे.

संख्या हलते तेव्हा

हा सगळा शिधा साठांचा आहे, आणि साठ ही संख्या रोज तशीच राहत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवसांत, गणपतीत, दिवाळीत मुले गावी जातात, चतुर्थी-एकादशीला काही डबे बंद असतात. पूर्वी सकाळी नऊपर्यंत नकार येत, तोवर तांदूळ भिजलेले आणि भाजी चिरलेली असे. आता नकार आदल्या रात्री आठच्या आत कळवायचा असा नियम आहे, कारण पहाटे मंडईत जाण्यापूर्वी काकूंना भाजीचे वजन ठरवावे लागते.

बदलत्या संख्येसाठी काकूंनी ओट्याच्या वर एका डब्याचे आकडे चिकटवले आहेत: पोळीमागे पिठीसकट ३१ ग्रॅम कणीक, पूर्ण डब्याला ५७ ग्रॅम जुना तांदूळ, २२ ग्रॅम डाळ. एखाद्या दिवशी पाच पूर्ण डबे बंद असले तर पोळ्या पंधरा, कणीक ४६५ ग्रॅम, तांदूळ २८५ ग्रॅम आणि डाळ ११० ग्रॅम कमी. आमटीची पळीवरची खूणही त्या दिवशी पाऊण लिटरने खाली मानावी लागते, हे मावशींना सांगून ठेवावे लागते. भाजीला मात्र असा एकच आकडा नाही. बंद डब्यांच्या भाजीचे शिजलेले वजन, इथे ५०० ग्रॅम, मूळ ७.१ किलोंतून वजा करून त्या दिवशीच्या भाजीच्या दोन उताऱ्यांनी पुन्हा भागावे लागते.

महिन्याचा किराणा २६ दिवस आणि साठ डबे धरून काढला तर गहू १६४ किलो, तांदूळ ६३ किलो आणि तूरडाळ २४ किलोंच्या जवळ येते. प्रत्यक्षात गैरहजेरीमुळे त्याच्या दहा टक्के कमी लागते, म्हणून काकू ५० किलोंची गव्हाची तीन पोती आणि २५ किलोंचे तांदळाचे दोन कट्टे एकदम घेतात, आणि उरलेली गरज महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हजेरी पाहून भरतात. वर्षाचा गहू उन्हाळ्यात एकदम भरण्याची घरगुती रीत त्यांनी या कामाला लावली नाही. दीड-दोन टन गहू ठेवायला दोन खोल्यांच्या घरात जागा नाही, आणि पोरकिड्याने एक पोते गेले तरी भावातली बचत संपते.

कोबी आता नऊ किलो येतो. पोळी-भाजीचे १८ डबे आधी भरले जातात.